लेकीच्या नावचं रान

डांगे चौकातून थेरगावच्या बाजूला वळलं की औषधांच्या दुकानाशेजारी 'बरकत इलेक्ट्रॉनिक्स' लागतं. बरकतभाईंनी तिथं तीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही उघडून बंद केले. ते गेल्यावर दुकान लेकीनं, शाहीननं, चालवायला घेतलं, तेव्हा टीव्ही कुणी दुरुस्त करून घेईनासं झालं होतं. मग ती गेमच्या मशीनकडं वळली. आता पिंपरी-चिंचवडात कुणाचं कन्सोल अडलं की माणसं बरकतभाईंच्या पोरीचं नाव सांगतात. नाव झालं म्हणायचं, पण कमरेचा पार खुळखुळा झाला होता, आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून डोकंही शिणलं होतं. लोकांना वाटतं मशीन दुरुस्त करणं अवघड. अहो, मशीन बिचारं निमूट पडून असतं. अवघड असतो तो त्याचा मालक!

त्या मंगळवारी सकाळी सोपानराव तिसऱ्यांदा आले. हिंजवडीशेजारच्या माणचे जुने शेतकरी. धोतर सोडून पँट घालायला लागून त्यांना दहा वर्षं झाली असतील, पण टोपी तीच. जमीन बिल्डरकडं गेली, तिथं आता काचेच्या इमारती उभ्या राहतायत. रणजीत, त्यांचा मुलगा, त्याच पैशातून धंद्याला लागला. आणि सोपानराव? सोपानराव रोज दुपारी टीव्हीसमोर बसून शेती करायचे. हसू नका. शेतीचा गेम. नांगरट, पेरणी, खुरपणी, सगळं त्यात. सहा वर्षं हा माणूस एकाच रानात राबत होता. त्यात ऊस होता, भाताची खाचरं होती, डोंगराकडच्या बाजूला बांध घातलेला एक लांबट पट्टा होता. त्या पट्ट्यावर त्यांचा फार जीव.

"बाई, आज तरी उघडंल का?" त्यांनी काउंटरवर हात ठेवत विचारलं.

शाहीननं नुसती मान हलवली. नाही.

झालं होतं असं. मागच्या आठवड्यात त्यांच्या मशीनची हार्डडिस्क मरायला टेकली होती. सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागायची, आतून टकटक आवाज. शाहीननं आधी त्यांचं सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची साठवण, पेन ड्राइव्हवर घेतलं, मग डिस्क बदलली, सगळी सिस्टीम नव्यानं घातली, सोपानरावांचं खातं परत उघडलं आणि पेन ड्राइव्हवरचं सेव्ह आत ओतलं. गेमची मूळ सीडी त्यांच्याकडं होतीच. इथवर सगळं नीट. पण गेम चालू करून जुनं रान उघडायला जावं, तर ओळ फिकी पडलेली. खाली सूचना: ह्या रानासाठी लागणारा पॅक सापडत नाही. पॅक म्हणजे मूळ गेमवर वेगळी विकत घ्यायची भर.

अशा वेळी करायचं काय, ते ठरलेलं असतं. सेटिंगमध्ये जायचं, खात्याच्या पानावर 'लायसन्स परत मिळवा' असं असतं ते दाबायचं. शाहीननं ते दाबलं. मशीननं थोडा विचार केला आणि झालं म्हणून सांगितलं. झालं! काय झालं ते नाही सांगत. मग ती खरेदीच्या यादीत गेली, तर तिथं दोनच वस्तू. एक ट्रॅक्टरचा संच आणि एक बियाण्याचा. बाकीचं गायब. डोंगराकडचं रान, भाताची खाचरं, ऊस तोडायचं यंत्र, काही नाही.

"आमी समदं घेतल्यालं हाय," सोपानराव म्हणाले. "सहा वरसं खेळतोय. न घेता कसं खेळलो असतो?"

मुद्दा बिनतोड होता, आणि म्हणूनच शाहीन तीन दिवस वैतागली होती. यादीत कधीकधी वस्तू लपवलेल्या असतात, तेही तिनं बघून घेतलं. काही नव्हतं. महिन्याच्या वर्गणीवर फुकट मिळालेले गेम वर्गणी संपली की कुलूप लावून बसतात, तसा एक क्रिकेटचा गेम त्यांच्याकडं होता. पण रानाचं तसं नव्हतं, कारण असा पॅक वर्गणीत कधी आला नव्हता. मग म्हटलं नवीन विकत घेऊ, तर दुकानात तो पॅकच नाही. कंपनीनं विक्रीतून काढून टाकलेला. ज्यांनी आधी घेतलाय ते अजूनही आपल्या यादीतून उतरवू शकतात. बाकीच्यांसाठी दार बंद.

"मग नवीन रान सुरू करायचं का?" तिनं थकून विचारलं. "ह्या सीडीवर एक रान आहेच."

सोपानरावांनी तिच्याकडं असं बघितलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

"नवीन? ह्या वयात?" ते म्हणाले. "बाई, खरं रान गेलं तवा मी तोंडातनं शब्द काढला न्हाई. पोरगा म्हनला इकायचं, इकलं. त्या पट्ट्यात मी आमच्या हितल्यावानीच बांध घातलाय. जितं आंबा होता, तितं मी त्यात झाड लावलंय. आता तेबी जायाचं म्हंजी…"

सत्तरीचा माणूस एका पेटीसमोर उभा राहून रान मागतोय, आणि आपल्याला ते देता येत नाही.

तिनं पुन्हा त्यांच्या खात्यात जाऊन व्यवहारांची यादी उघडली. कुठलंही खातं असो, त्यात काय कधी घेतलं ते तारीखवार असतं. त्यात खोटं काही नसतं. दोनच नोंदी. म्हणजे बाकीच्या वस्तू ह्या खात्यानं कधी घेतल्याच नव्हत्या. मग घेतल्या कुणी?

काउंटरखालच्या डब्यात त्या मशीनची चिठ्ठी होती. मशीन आत घेताना शाहीन एका चिठ्ठीवर लिहून ठेवते: काय बिघाड, सोबत काय आलं, मशीनवर कुणाकुणाची खाती. तिनं ती काढली. 'युजर: आबा, पूनम.' आणि 'पूनम'वर तिच्याच पेनानं मारलेली आडवी रेघ.

अगं बाई!

तिला आठवलं. मशीन देताना सोपानराव म्हणाले होते, "त्यातलं ते पूनमचं नाव ऱ्हाऊ द्या बाजूला. ती आता इथं नसती." आणि शाहीननं विचारसुद्धा केला नव्हता. लेक लग्न करून गेली, तिचं नाव कशाला परत घालायचं, असं म्हणून रेघ मारली होती. जिनं बापाचं दुकान चालवलं, जिला लोकांनी 'मुलगी काय करणार' म्हणून हिणवलं, तिनं! स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

"आबा, पूनम म्हणजे लेक ना तुमची?"

"व्हय." सोपानराव दाराकडं बघायला लागले.

"हे रान तिनं घेतलंय. तिच्या खात्यावर."

"मी रिमोट धरला हुता," ते म्हणाले. "ती शेजारी बसायची रविवारची. म्हनायची, आबा, तुमच्यासाठी डोंगराकडचं रान घेते. मला वाटलं, माझंच."

शाहीननं त्यांना स्टुलावर बसवलं आणि सावकाश सांगितलं. मशीन कुणाचं, टीव्ही कुणाचा, रिमोट कुणाच्या हातात, ह्याला काही अर्थ नसतो. ज्या खात्यानं घेतलं, लायसन्स त्याच खात्याचं. पण पूनमनं ह्या मशीनला आपलं मुख्य मशीन ठरवलेलं होतं, म्हणून ह्याच्यावर बसणाऱ्या कुणालाही तिच्या वस्तू वापरता यायच्या. सोपानरावांनाही. आता डिस्क बदलली, तिचं खातं परत घातलं नाही, म्हणून वस्तू बंद. 'लायसन्स परत मिळवा' हे बटण फक्त ज्या खात्यावर उभं राहून दाबाल त्याचंच परत आणतं. दुसऱ्याचं नाही.

"मग माझ्या नावावर करून घ्या की," सोपानराव म्हणाले. "सही घ्या तिची."

"तशी सोय नाही. एका खात्याचं दुसऱ्या खात्यावर चढत नाही."

"हक्कसोड बी न्हाई?"

शाहीन थबकली. तिला तेवढं कळत होतं. गावाकडं जमीन विकायची वेळ आली की बहिणींना पौडच्या नोंदणी ऑफिसात नेतात, वाटा सोडल्याचा एक कागद पुढं सरकवतात, सही झाली की साडी-चोळी देतात आणि गोड बोलतात. "नाही, आबा," ती म्हणाली. "ह्याला हक्कसोड नसतो."

मग सोपानरावांनी आपण होऊन सांगितलं. दोन वर्षांपूर्वी रणजीतनं हक्कसोडाची सगळी तयारी केली होती. पूनमला सकाळी पौडला आणलं, ती कंपनीतून रजा काढून आली होती. काय लिहिलंय ते वाचत बसली, तर सोपानरावच म्हणाले, कशाला वाचतीस, घरचंच हाय. तिनं सही केली. सोजराबाईंनी, तिच्या आईनं, तिच्या मांडीवर साडी ठेवली. परत जाताना पूनमनं ती साडी गाडीच्या सीटवरच ठेवली आणि ती उतरून गेली. त्यानंतर माणला आली नाही.

"तुम्ही फोन करा तिला," शाहीन म्हणाली.

"तुमी करा. तुमच्या कामाचं हाय."

"माझ्या कामाचं असतं तर मी केव्हाच केला असता. तिचा पासवर्ड मी विचारणार नाही, फोनवर तर नाहीच. तिला स्वतः येऊन खातं उघडावं लागेल. तिच्या मोबाइलवर कोड येतो, तोही तिनंच टाकायचा. तर बोलवा तुम्ही."

म्हाताऱ्यानं फोन काढला. नंबर होता. दोन वर्षांत डिलीट केला नव्हता. पहिल्यांदा लावून त्यांनीच कट केला, दुसऱ्यांदा उचलला गेला. पलीकडून यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता.

"पूनम," ते म्हणाले. आणि मग एवढंच, "रान गेलं गं."

पलीकडून आवाज आला, "कुठलं? ते तर कधीच गेलं."

"टीव्हीतलं."

शाहीननं तोंड फिरवलं. हसावं की रडावं ते तिला कळेना.

पूनम दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट संपवून आली. चाकणच्या एका कंपनीत ती माल तपासायच्या विभागात होती. निळा शर्ट, पायात जड सेफ्टी शूज, चेहऱ्यावर धुळीचा थर. पस्तीस-छत्तीसची असेल. चाकणहून स्कूटरवर येताना तळवड्याच्या ट्रॅफिकनं तिला दीड तास खाल्ला होता. सोपानराव तासभर आधीच येऊन बसले होते. ते उठले, परत बसले.

"पाणी?" शाहीननं विचारलं.

"द्या. आणि कुठं टाकायचंय ते दाखवा. सकाळी पाचला उठायचंय मला." पूनमनं वडिलांकडं बघितलं. "बरे आहात?"

"हाय," ते म्हणाले.

शाहीननं 'नवीन युजर' उघडून दिलं आणि स्वतः पाठ वळवून उभी राहिली. पूनमनं पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला कोड टाकला. नाव उमटलं: पूनम. मग शाहीन परत वळली आणि तिला सेटिंगमधल्या मुख्य मशीनच्या पानावर घेऊन गेली.

"इथं एक ठरवायचंय," ती म्हणाली. "एका खात्याला मुख्य मशीन एकच. तुमच्या घरी मशीन आहे का?"

"आहे. दिव्यासाठी घेतलं. माझी मुलगी."

"मग ती तुमचे गेम कशी खेळते? मुख्य तर हेच होतं इतके दिवस."

"माझ्या नावानं बसते, माझ्या खात्यात," पूनम म्हणाली. "इंटरनेट गेलं की बंद पडतं. तिचं स्वतःचं खातं आहे, पण त्यावर माझे गेम चालत नाहीत. रडते कधीकधी. तिचं सेव्ह आणि माझं सेव्ह एकात एक होतं."

"मग घरचं का नाही मुख्य केलं? एका बटणाचं काम होतं."

पूनम बटणाकडं बघत होती.

"केलं असतं तर आबांचं रान बंद पडलं असतं," ती म्हणाली.

शाहीननं उगाच एक स्क्रू उचलून डबीत टाकला. सोपानरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"दोन वर्षं?" शाहीननं विचारलं.

"हो ना. बोलत नव्हतो म्हणून काय झालं." पूनमनं बटण दाबलं. "हेच मुख्य. झालं. पुढं?"

पुढचं सगळं ओळीनं झालं. तिच्या खात्यावर उभं राहून शाहीननं लायसन्स परत मिळवलं. खरेदीच्या यादीत एकेक वस्तू दिसू लागली: डोंगराकडचं रान, भाताची खाचरं, ऊस तोडायचं यंत्र, पाण्याचा टँकर. विक्रीतून काढलेला तो पॅकही. सीडी घातली, आधी गेमचा अपडेट उतरू दिला, मग एकेक पॅक उतरायला लावला. नव्या डिस्कवर काहीच नसतं, त्यामुळे सगळं पहिल्यापासून आणावं लागतं. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. शाहीननं चहा सांगितला.

चहा आला तेव्हा सोपानरावांना धीर झाला असावा. "हे तुझ्या नावावर हाय, हे मला ठावं असतं तर…"

"तर काय, आबा?" पूनमनं कप खाली ठेवला. आवाज चढला नव्हता, नुसता थकलेला होता. "तर ह्याच्यावर पण सही घेतली असती तुम्ही. रणजीतनं कागद आणला असता, तुम्ही म्हणाला असता, कशाला वाचतीस, घरचंच हाय."

सोपानरावांनी कप बशीत ठेवला. त्यांनी नाही म्हटलं नाही. शाहीनला ते बरं वाटलं. खोटं बोलले असते तर तिनं त्यांना तिथंच झापलं असतं, गिऱ्हाईक असो नाहीतर कोणी.

"मला जमीन नको होती," पूनम म्हणाली. "खरंच नको होती. मला विचारायला हवं होतं, एवढंच. तुम्ही मला दोन ओळी वाचू दिल्या नाहीत."

"व्हय," सोपानराव म्हणाले. मग परत म्हणाले, "व्हय. चुकलं माझं."

डोळे पुसायला पूनमनं शर्टाची बाही वापरली, आणि बाहीवरचं ग्रीस गालाला लागलं.

पट्टी भरली. शाहीननं सोपानरावांचं खातं उघडलं, गेम लावला, जुन्या रानाच्या ओळीवर आली. ओळ आता फिकी नव्हती. उघडली. डोंगर आला, खाली लांबट पट्टा आला, त्यातला वाकडा बांध, कडेला एक झाड. ऊस तोडणीला आला होता.

"हा तर आपला डगरीवरचा बांध," पूनम पुढं झुकून म्हणाली. "आबा, हा असाच वाकडा होता."

"तसाच घातलाय," ते म्हणाले. "आंबा बी. दिव्याला दाखीव कदी."

पूनम उठली. पर्स खांद्याला लावली. सोपानरावांनी घरी येतीस का म्हणून विचारलं, सोजराबाई दारात उभ्या असतील म्हणाले. ती म्हणाली, आज नाही, सकाळी पहिली शिफ्ट आहे.

मशीन पॅक करताना शाहीननं ती चिठ्ठी काढली, खोक्यावर चिकटवायला. दरवेळी चिकटवते, पुन्हा मशीन आलं तर उपयोग होतो. 'युजर: आबा', आणि रेघ मारलेलं 'पूनम'. तिनं नवीन चिठ्ठी लिहायला घेतली, तर सोपानरावांनी हात पुढं केला.

"द्या इकडं पेन."

त्यांनी जुनीच चिठ्ठी काउंटरवर सपाट केली. रेघ मारलेल्या नावाच्या शेजारी, पौडच्या ऑफिसात ज्या सावकाश अक्षरात सही करतात त्या अक्षरात, त्यांनी लिहिलं: पूनम. मग 'आबा' ह्या शब्दापासून बाण काढून तो तिच्या नावाखाली आणून टेकवला: आधी लेक, मग आपण.

"हे बघ," त्यांनी चिठ्ठी लेकीकडं सरकवली. "वाच आधी."

पूनमनं चिठ्ठी उचलली आणि त्यातली ती दोन नावं खूप वेळ वाचली. मग परत काउंटरवर ठेवून म्हणाली, "रविवारी येते दिव्याला घेऊन. आणि हे नाव परत काढू नका."